बिन कार्ड आणि स्टोअर्स लेजर: महिनाअखेरीस मेळ कसा घालायचा?

परीक्षेत 'बिन कार्ड आणि स्टोअर्स लेजर यांतील फरक सांगा' असा प्रश्न हमखास येतो, आणि बहुतेक विद्यार्थी दोन रकाने आखून त्याचे उत्तर बरोबर लिहितात: बिन कार्डात फक्त नग, लेजरमध्ये नग आणि रक्कम, बिन कार्ड रॅकला लटकलेले, लेजर टेबलावर, बिन कार्डात नोंद व्यवहाराच्या वेळी, लेजरमध्ये व्यवहार झाल्यावर. हे सगळे खरे आहे. पण पुढचा प्रश्न विचारला की वर्ग शांत होतो. महिन्याच्या शेवटी बिन कार्ड १०१ नग म्हणते आणि लेजर ३६ म्हणते, तर तुम्ही काय कराल? या पाठात आपण याच प्रश्नाचे उत्तर शोधणार आहोत. त्यासाठी एकच वस्तू घेऊ आणि तिचा पूर्ण महिना पाहू.

कारखाना लहान आहे असे समजा. कोइम्बतूर किंवा राजकोटला पंप बनवणारे असे अनेक कारखाने तुम्हाला दिसतील. वस्तू आहे ६२०५ क्रमांकाचे बॉल बेअरिंग. त्याचे भोक २५ मिमी, बाहेरचा व्यास ५२ मिमी आणि रुंदी १५ मिमी असते. या एकाच क्रमांकाची बेअरिंग वेगवेगळ्या झाकणांची येतात. दोन्ही बाजूंना पत्र्याची झाकणे असतील तर 'झेडझेड', रबरी सील असतील तर 'टूआरएस'. मापे तीच, पण स्टोअर्सच्या दृष्टीने या दोन वेगळ्या वस्तू आहेत. त्यांचे कोड वेगळे, बिन वेगळे, कार्डे वेगळी आणि लेजरमधली पानेही वेगळी. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिची गरज पडणार आहे.

नोंद कशावरून होते?

बिन कार्डाच्या डोक्यावर वस्तूचा कोड, वर्णन, मोजण्याचे एकक, रॅकचा क्रमांक आणि कमाल, किमान व पुनर्मागणी पातळी लिहिलेली असते. आपल्या बेअरिंगची पुनर्मागणी पातळी ६० नग आहे, म्हणजे शिल्लक ६० वर आली की खरेदी विभागाला नवी मागणी पाठवायची. खाली पाच रकाने असतात: तारीख, कागदाचा क्रमांक, आवक, जावक, शिल्लक. नियम एकच. हात बिनमध्ये गेला की पेन कार्डावर गेले पाहिजे. बेअरिंग दिली, लगेच लिहिले, लगेच नवी शिल्लक काढली.

लेजरची नोंद मात्र हातावरून होत नाही, कागदावरून होते. माल आला की माल-आवक नोंद तयार होते, तिला सगळे जीआरएन म्हणतात. शॉपमधून माल मागितला की मागणीपत्र येते. उरलेला माल परत आला की परतीची चिठ्ठी येते. या तीन प्रकारच्या कागदांवरून संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी लेजरच्या पानावर नग, दर आणि रक्कम चढते.

मोठ्या कारखान्यात बिन कार्ड स्टोअरकीपर लिहितो आणि लेजर हिशेब किंवा कॉस्टिंग विभाग लिहितो. आपल्या लहान कारखान्यात दोन्ही कामे एकाच स्टोअरकीपरकडे आहेत, आणि खरी अडचण इथेच सुरू होते. दिवसभर थकलेला माणूस संध्याकाळी कागदांचा गठ्ठा उलगडण्याऐवजी बिन कार्डावरून थेट लेजर उतरवून काढतो. मग महिनाअखेरीस दोन्ही आकडे अगदी तंतोतंत जुळतात. पण ते जुळणे निरुपयोगी आहे, कारण कार्डातली चूक लेजरमध्येही तशीच गेलेली असते. म्हणून दोन्ही वह्या एकाच माणसाकडे असल्या तरी त्यांचे मूळ वेगळे राहिले पाहिजे. कार्ड लिहायचे ते रॅकपाशी उभे राहून, लेजर लिहायचे ते कागदावरून. नोंद झाली की कागदाच्या कोपऱ्यात 'का' आणि 'ले' अशा दोन खुणा करायच्या. ज्या कागदावर एकच खूण आहे तो अर्धवट आहे, हे एका नजरेत कळते.

विद्यार्थ्यांना घेऊन कारखाना पाहायला जातो तेव्हा मी त्यांना एक गोष्ट बघायला सांगतो. एखादे बिन कार्ड घ्या आणि शाईकडे पाहा. महिनाभराच्या नोंदी एकाच पेनने, एकाच दाबाने, सरळ ओळीत लिहिलेल्या असतील आणि कार्डाला बोटांचे तेलही लागलेले नसेल, तर ते कार्ड बहुधा एका बैठकीत लिहिलेले असते. खरे कार्ड मळलेले असते.

आपल्या बेअरिंगचा ऑगस्ट महिना

६२०५ झेडझेडचे बिन कार्ड ३१ ऑगस्टला असे दिसत होते:

| तारीख | कागद | आवक | जावक | शिल्लक |
|---|---|---|---|---|
| १ | मागील शिल्लक | | | १२० |
| ३ | मागणीपत्र २११ | | ४० | ८० |
| ९ | जीआरएन ८७ | १०० | | १८० |
| १४ | मागणीपत्र २२६ | | ६० | १२० |
| २० | परतीची चिठ्ठी १४ | ६ | | १२६ |
| २३ | मागणीपत्र २३९ | | ४५ | ८१ |
| २८ | मागणीपत्र २४७ | | ३० | ५१ |
| ३० | जीआरएन ९५ | ५० | | १०१ |

आता लेजरकडे वळू. इथे दराचा प्रश्न येतो. आपला कारखाना भारित सरासरी पद्धत वापरतो, म्हणजे प्रत्येक आवकेनंतर शिल्लक रकमेला शिल्लक नगांनी भागून नवा दर काढतो. महिन्याची सुरुवात १२० नग, दर १५० रुपये, रक्कम १८,००० रुपये अशी होती. ३ तारखेला ४० नग गेले, ६,००० रुपये कमी झाले, उरले ८० नग आणि १२,००० रुपये. ९ तारखेला १०० नग १६८ रुपयांनी आले, म्हणजे १६,८०० रुपये. एकूण १८० नग आणि २८,८०० रुपये. भागाकार केला की नवा दर १६० रुपये येतो. १४ तारखेचे ६० नग या दराने गेले आणि १२० नग, १९,२०० रुपये शिल्लक राहिले. इथपर्यंत कार्ड आणि लेजर दोन्हींत १२० नग आहेत.

त्यानंतर वाटा फुटतात. ३१ तारखेला लेजरचे पान ३६ नग आणि ५,७६० रुपये दाखवत होते. कार्ड आणि लेजर यांत ६५ नगांचा फरक पडला.

हा आकडा नुसता कागदावरचा नाही. खरेदी विभाग रॅकपाशी येत नाही, तो लेजर पाहतो. ३६ ही शिल्लक ६० च्या पातळीखाली आहे, म्हणून तो नवी ऑर्डर देईल. रॅकवर शंभराच्या आसपास बेअरिंग पडून असताना आणखी शंभर येतील आणि लहान कारखान्याचे पैसे त्यात अडकतील. फरक उलटा असता, म्हणजे लेजरमध्ये माल आणि रॅक रिकामा, तर पंपाची जुळणी थांबली असती.

आधी रेघ ओढा

मेळ घालायला बसण्यापूर्वी पहिले काम म्हणजे रेघ ओढणे. ३१ ऑगस्टला काम संपताना शेवटचा जीआरएन कोणता, शेवटचे मागणीपत्र कोणते आणि परतीची शेवटची चिठ्ठी कोणती, हे क्रमांक लिहून ठेवायचे. समजा ते अनुक्रमे ९६, २४९ आणि १५ आहेत. यांच्यापर्यंतचे सगळे व्यवहार ऑगस्टचे, यानंतरचे सप्टेंबरचे, आणि हा नियम दोन्ही वह्यांना सारखाच लागू. ही रेघ नसेल तर एका वहीत १ तारखेची सकाळ मिसळते, दुसरीत मिसळत नाही, आणि तुम्ही नसलेली चूक शोधत बसता.

रेघ ओढली की कागद क्रमांकाने लावा. मध्येच एखादा क्रमांक गायब असेल तर तो आधी शोधा. रद्द केलेले मागणीपत्रही फाइलमध्ये 'रद्द' असा शिक्का मारून असले पाहिजे. मग दोन्ही वह्यांतल्या बेरजा-वजाबाक्या तपासा. हे कंटाळवाणे आहे, पण पाच मिनिटांचे आहे. आपल्या उदाहरणात दोन्हीकडची आकडेमोड बरोबर निघाली. म्हणजे चूक नोंदींतच आहे.

६५ नग कुठे गेले?

आता कार्ड, लेजर आणि कागद शेजारी ठेवून एकेक ओळ जुळवत जा.

सर्वांत आधी मोठी गोष्ट सापडते. जीआरएन ९५ वर 'का' ही खूण आहे, 'ले' नाही. माल ३० तारखेला आला, रॅकवर चढला, कार्डावर लिहिला गेला. पण पुरवठादाराचे बिल आले नव्हते, दर माहीत नाही म्हणून स्टोअरकीपरने जीआरएन बाजूच्या फाइलमध्ये ठेवला. ही महिनाअखेरीची सर्वांत नेहमीची गोष्ट आहे. यावर उपाय म्हणजे खरेदी ऑर्डरवरचा दर घेऊन नोंद करायची आणि बिल आल्यावर काही फरक असला तर तेवढीच दुरुस्ती करायची. ऑर्डरवरचा दर इथेही १६० रुपयेच होता, म्हणून आपली सरासरी बदलत नाही. ५० नगांचा उलगडा झाला, १५ उरले.

पुढे परतीची चिठ्ठी १४. तिच्यावर 'का' आणि 'ले' दोन्ही खुणा आहेत, तरी झेडझेडच्या पानावर ६ नगांची आवक नाही. चिठ्ठीवर शॉपच्या माणसाने फक्त '६२०५ बेअरिंग, ६ नग' एवढेच लिहिले होते. रॅकपाशी बेअरिंग हातात होती, पत्र्याची झाकणे डोळ्यांना दिसत होती, म्हणून कार्ड बरोबर लिहिले गेले. संध्याकाळी टेबलावर फक्त कागद होता, आणि नोंद टूआरएसच्या पानावर चढली. अशी चूक ओळखण्याची खूण सोपी आहे. ती जोडीने येते. एका वस्तूत लेजर ६ ने कमी, तर तिच्या भावंडात लेजर ६ ने जास्त. म्हणून एका वस्तूचा फरक कळेना झाला की तिच्याशी नावाने किंवा कोडने मिळत्याजुळत्या वस्तूंची कार्डे काढून पाहावीत. आणि चिठ्ठीवर कोड नसेल तर ती स्वीकारूच नये.

आता ९ नगांचा फरक राहिला. नऊ दिसले की हिशेबनीस सावध होतो. दोन अंकी संख्येतले अंक उलटे लिहिले गेले तर फरक नेहमी ९ च्या पटीत येतो, कारण दहाचा अंक एककाच्या जागी गेला की प्रत्येक अंकामागे १० आणि १ यांतला फरक पडतो. मागणीपत्र २३९ पाहा. त्यावर ४५ नग आहेत, लेजरमध्ये ५४ लिहिलेत. फरक ९. लक्षात घ्या, मूळचा ६५ हा आकडा ९ ने भागला जात नाही. आधीची दोन कारणे बाजूला काढल्यावरच ही खूण दिसली. आणि ही खूण म्हणजे पुरावा नव्हे. खात्री कागद पाहूनच करायची.

अशीच दुसरी एक खूण उपयोगी पडते. फरक सम असेल तर त्याच्या निम्म्या संख्येचा व्यवहार शोधा. आवक चुकून जावकेच्या रकान्यात गेली तर फरक दुप्पट पडतो.

आता मेळाचे विवरण मांडता येते:

| तपशील | नग | रुपये |
|---|---|---|
| लेजरची शिल्लक | ३६ | ५,७६० |
| अधिक: जीआरएन ९५, न चढवलेला | ५० | ८,००० |
| अधिक: परतीची चिठ्ठी १४, टूआरएसला गेलेली | ६ | ९६० |
| अधिक: मागणीपत्र २३९, जास्त धरलेली जावक | ९ | १,४४० |
| बिन कार्डाप्रमाणे शिल्लक | १०१ | १६,१६० |

मागणीपत्र २३९ ची दुरुस्ती लेजरपुरती संपत नाही. ते ९ नग ज्या जॉबच्या खर्चात गेले, त्या जॉबवर १,४४० रुपये जास्त पडले आहेत. तिथेही नोंद उलटवावी लागते. दुरुस्ती करताना जुना आकडा खोडायचा किंवा त्यावर गिरवायचे नाही. त्यावर एक आडवी रेघ, शेजारी बरोबर आकडा आणि सही. खालची शिल्लक आधीच पुढे गेली असेल तर आजच्या तारखेला दुरुस्तीची वेगळी ओळ घालायची आणि तिच्यात मूळ कागदाचा क्रमांक द्यायचा.

पण बिनमध्ये किती आहेत?

बहुतेक पुस्तकी उदाहरणे इथे थांबतात, आणि विद्यार्थ्यांना वाटते की काम झाले. पण आतापर्यंत आपण दोन कागद एकमेकांशी जुळवले आहेत. बेअरिंग मोजलेली नाहीत.

मोजणी स्टोअरकीपरने एकट्याने करू नये, आणि मोजणाऱ्याला कार्डावरचा आकडा आधी सांगू नये. '१०१ आहेत का बघ' म्हटले की माणूस ९८ वर थांबत नाही, शंभराच्या पुढे कसा तरी पोहोचतो. आपल्या कारखान्यात शॉपच्या एका सुपरवायझरने मोजले. ९७ भरले. म्हणजे कार्डापेक्षा ४ कमी.

स्टोअरकीपरचा ड्रॉवर उघडल्यावर त्यात एक साधी चिठ्ठी सापडली. २५ ऑगस्टच्या रात्री एक यंत्र बंद पडले, देखभाल विभागाने स्टोअर्स उघडून २ बेअरिंग नेली आणि वहीच्या फाटक्या पानावर लिहून ठेवले. छापील मागणीपत्र कधी भरले गेलेच नाही. ही चिठ्ठी क्रमांकाच्या मालिकेत नव्हती, म्हणून कागद क्रमांकाने लावतानाही ती सापडली नाही. आणि ती कार्डावरही नव्हती, लेजरमध्येही नव्हती, म्हणून दोन वह्यांच्या तुलनेत ती कधीच दिसली नसती. दोन्ही वह्या सारख्याच चुकीच्या होत्या. आता देखभाल विभागाकडून रीतसर मागणीपत्र घ्यायचे आणि दोन्हीकडे २ नग, लेजरमध्ये ३२० रुपये जावक दाखवायची. शिल्लक ९९ नग, १५,८४० रुपये.

उरलेले २ नग सापडले नाहीत. शेजारचे बिन पाहिले, टूआरएसचे खोके पाहिले, शॉपमध्ये विचारले. नाहीत. अशा वेळी सर्वांत मोठा मोह असतो तो कार्डावर एखादी खोटी जावक लिहून गप्प बसण्याचा. ते करायचे नाही. तुटीची नोंद तयार करायची, शोध कुठे घेतला ते त्यात लिहायचे, अधिकार असलेल्या व्यवस्थापकाची सही घ्यायची आणि मगच दोन्हीकडे २ नग वजा करायचे. लेजरमध्ये ३२० रुपये तुटीच्या खात्यात जातात. शेवटची शिल्लक ९७ नग, १५,५२० रुपये. आता कार्ड, लेजर आणि बिन तिन्ही जागी एकच आकडा आहे. कार्डावर शेवटच्या ओळीखाली रेघ ओढून 'मोजले ९७, ३१ ऑगस्ट' असे लिहून मोजणारा आणि स्टोअरकीपर दोघे सही करतात.

३२० रुपयांसाठी इतका खटाटोप कशाला, असे वर्गात कोणी ना कोणी विचारतेच. एक कारण करांचे आहे. हरवलेल्या, चोरीला गेलेल्या किंवा हिशेबातून काढून टाकलेल्या मालावर भरलेल्या जीएसटीचे क्रेडिट केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम १७(५) नुसार मिळत नाही. त्या २ बेअरिंगवर घेतलेले क्रेडिट परत करावे लागते. खोट्या जावकेने तूट लपवली तर हे क्रेडिट चुकीने तसेच राहते. दुसरे कारण, ज्या कंपन्यांना २०२० चा ऑडिटर्स रिपोर्ट आदेश लागू आहे, तिथे ऑडिटरला मालाच्या प्रत्येक वर्गात मोजणी आणि वही यांत एकूण १० टक्के किंवा त्याहून जास्त तफावत होती का, आणि ती हिशेबात नीट दाखवली का, यावर लिहावे लागते. प्रत्येक वस्तूच्या दोन-दोन नगांच्या नोंदी नसतील तर ती बेरीज कुणालाच करता येत नाही.

स्टोअर्समध्ये दोन हजार वस्तू असतील तर दर महिन्याला सगळ्या मोजणे शक्य नाही, आणि तसे कुणी करतही नाही. महाग वस्तू दर महिन्याला, मध्यम वस्तू तीन महिन्यांतून एकदा आणि वॉशरसारख्या किरकोळ वस्तू वर्षातून एकदा, अशी पाळी लावतात. वॉशर तर मोजतही नाहीत, तोलून नगांचा अंदाज काढतात.

संगणकावर स्टोअर्स चालवणाऱ्या कारखान्यांत एक वेगळीच गोष्ट होते. तिथे एकाच नोंदीतून नग आणि रक्कम दोन्ही बदलतात, त्यामुळे कार्ड आणि लेजर यांत फरक पडूच शकत नाही. ४५ च्या जागी ५४ टाइप झाले तर दोन्हीकडे ५४ च असतात. फरक दिसत नाही म्हणून चूक नाही असे वाटते, आणि ती थेट मोजणीतच बाहेर येते. म्हणून संगणक असूनही रॅकवर कागदी कार्ड लटकलेले ठेवणारे स्टोअरकीपर भेटतात. त्यांना जुनाट म्हणून हसू नका.

सरावासाठी

त्याच महिन्यात ६२०५ टूआरएसचे बिन कार्ड ६४ नग दाखवते आणि लेजर ५२ नग. परतीच्या चिठ्ठी १४ चे ६ नग चुकून याच पानावर चढले आहेत, हे तुम्हाला माहीत आहे. ती दुरुस्ती केल्यावर फरक किती उरतो ते काढा. महिन्याच्या कागदांत २४ नगांचे एक मागणीपत्र आणि ९ नगांची एक परतीची चिठ्ठी आहे. उरलेला फरक या दोहोंपैकी कोणत्याही एका कागदावरून समजावता येतो. दोन्ही शक्यता लिहा, आणि कोणती खरी हे ठरवायला लेजरच्या पानावर नेमके काय पाहाल ते सांगा.